विचारासाठी सहा महिने

स्टेलानच्या कागदावर 'विवाहित' असा शब्द होता. अन्नेलीला आधी वाटलं, कचेरीतल्या कुणीतरी माया म्हणून तसं लिहिलं असावं. अठ्ठावीस वर्षं एका छपराखाली काढलेल्या माणसांना आता 'अविवाहित' कशाला म्हणायचं, असा विचार केला असेल एखाद्या भल्या बाईने. तिला बरं वाटलं. चष्मा वर सरकवून तिने पुढची ओळ वाचली. तिथे पत्नीचं नाव होतं. ते तिचं नव्हतं.

"ही कोण?" तिने विचारलं.

रेबेका अंत्यविधी करणाऱ्या कंपनीची कायदा सांभाळणारी मुलगी. वय असेल तिशीचं. माणूस गेला की त्याच्या मागे काय उरलं याची यादी तीन महिन्यांच्या आत करावी लागते. त्यासाठी तिने गेलेल्या स्टेलानचा दाखला मागवला होता, नातेवाईकांच्या सगळ्या नोंदींसकट. फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून ती क्रामफोशहून पन्नास किलोमीटर गाडी हाकत आली होती. कॉफीच्या कपाला तिने अजून हात लावला नव्हता.

"मला वाटलं, तुम्हीच सांगाल," रेबेका म्हणाली. "गुनेल हेडलुंड. उमेओला राहते. लग्नाची तारीख एकोणतीस डिसेंबर एकोणीसशे एकोणनव्वद."

"ती तर त्याची आधीची बायको. त्यांचा घटस्फोट झालाय. आमची ओळख व्हायच्या आधीच झालाय."

"नोंद नाही त्याची."

"मग नोंद चुकली असेल."

"मी दोनदा विचारून घेतलं," रेबेका हळू आवाजात म्हणाली.

अन्नेलीने खिडकीबाहेर पाहिलं. नदीवरचा बर्फ काठाशी काळा पडायला लागला होता. फेब्रुवारीच्या शेवटी स्टेलान याच खिडकीसमोर साउनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, छपरावरचा बर्फ ओढत होता. ओढता ओढता तो खाली बसला, आणि तिला वाटलं दम खायला बसलाय. तिने कॉफी चढवली. कॉफी होईपर्यंत तो गेलेला होता. तिच्या हिशेबाने त्याहून मोठा धक्का या घरात आता बसायचा नव्हता.

त्या डिसेंबरची गोष्ट तिला ठाऊक होती. तिच्या वयाच्या सगळ्यांनाच ठाऊक असते. सरकार विधवांचं पेन्शन बंद करणार होतं, आणि वर्ष संपायच्या आत लग्न झालेलं असेल त्यांनाच ते पुढे मिळणार होतं. मग वर्षानुवर्षं नुसती एकत्र राहणारी माणसं चर्चबाहेर रांगा लावून उभी राहिली. स्टेलान कागद गिरणीत वीजतंत्री होता. जेवणाच्या सुट्टीत, अंगावर कामाचे निळे कपडे असतानाच त्याने लग्न उरकलं आणि दीड वाजता परत मशीनवर हजर झाला. ही गोष्ट तो दर नाताळात सांगायचा. "पाळक म्हणाला, पुढचे," असं म्हणून हसायचा. शेवट नेहमी एकच असायचा: दोन वर्षांत ते लग्न मोडलं, गुनेल तिच्या आधीच्या मुलाला घेऊन उमेओला गेली, संपलं.

"बरं," अन्नेली म्हणाली, "समजा नाही झाला घटस्फोट. मला काय त्याचं? वारसा मला मिळत नाही हे ठाऊक आहे मला. आम्ही साम्बो होतो, लग्नाविना राहणारे. साम्बोला वारसा नसतो. पण घर आम्ही दोघांनी राहायला म्हणून घेतलंय, शहाण्णव साली. त्याच्या नावावर असलं तरी निम्मं मला मागता येतं. मासिकात वाचलंय मी, कात्रण आहे माझ्याकडे."

रेबेकाने आता कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. "तो कायदा ज्या जोडप्यात दोघंही लग्नाचे नाहीत त्यांच्यासाठी आहे. दोघांपैकी एकाचं जरी दुसऱ्या कुणाशी लग्न झालेलं असेल, तर तो लागूच होत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तुम्ही साम्बोसुद्धा नव्हता."

अन्नेली उठली. ओट्याशी जाऊन तिने नळ सोडला, मग बंद केला. स्वयंपाकघर तिच्या पगारातून झालं होतं. वृद्धाश्रमाच्या मुदपाकखान्यात तिने बावीस वर्षं बटाटे सोलले होते, आणि त्याच पैशातून ही कपाटं, हा नळ आणि जमिनीच्या फरशा आल्या होत्या. "मग मी कोण होते?" तिने नळाला विचारल्यासारखं विचारलं.

रेबेका तशी बरी मुलगी होती. उगाच धीर द्यायला गेली नाही. "घर घेताना तुम्ही पैसे घातले, ते दोघांसाठीच घेतलं होतं, असं दाखवता आलं तर कोर्टात भांडता येतं. पण त्याला वेळ लागतो. खर्चही होतो. आधी यादी करू. कायदेशीर पत्नीला बैठकीचं बोलावणं पाठवावं लागेल."

"या घरात?"

"बैठक कुठेही घेता येते. पण माहिती देणारं माणूस लागतं. गेलेल्याचं काय काय होतं हे सगळ्यात जास्त ज्याला ठाऊक आहे त्याने ते सांगायचं आणि खरेपणाची सही करायची. ते तुम्हीच आहात."

म्हणजे वाटणीत ती कुणीच नाही, पण चमचे मोजायला तीच. एवढं कळल्यावर अन्नेली खाली बसली आणि गार झालेली कॉफी प्यायली.

*

संध्याकाळी तिने तूवाला फोन केला. तूवा, तिची आणि स्टेलानची एकुलती एक, सव्वीस वर्षांची. येतेबोरीला लुडविग नावाच्या मुलाबरोबर भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा खोटं बोलला आपल्याशी?" ती म्हणाली.

"त्यालाही ठाऊक नसेल गं."

"स्वतःचं लग्न झालेलं माणसाला ठाऊक नसतं?"

"मोडलेलं नाही हे ठाऊक नसेल."

"आई, तू त्याची बाजू घेतेयस?"

अन्नेली कुणाचीच बाजू घेत नव्हती. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. स्टेलानने तिला दोनदा विचारलं होतं. एकदा तूवाचा जन्म झाला तेव्हा आणि एकदा त्याची पन्नाशी झाली तेव्हा. दोन्ही वेळा ती हसून म्हणाली होती, "बोटात अंगठी आहे, पोटी पोर आहे. कागदाने काय फरक पडतो?" ती 'हो' म्हणाली असती तर लग्नाला काही अडचण नाही ना, हे सरकारने आधी तपासलं असतं. आणि तिथेच हे सगळं बाहेर पडलं असतं. स्टेलानचा चेहरा लाल झाला असता, एक अर्ज, सहा महिने, आणि मोकळे. घराला लागलेली ही कीड तिने स्वतःच्या हसण्याने पोसली होती. हे तिने तूवाला सांगितलं नाही.

बातमी नदीच्या पलीकडे पोहोचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी स्टेलानची धाकटी बहीण सीव आली. हातात दालचिनीचे रोल होते आणि पर्समध्ये चिकटणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्या.

"मी काही मागायला आले नाही," दारातच ती म्हणाली, "पण आईचं घड्याळ आमच्या घराण्याचं आहे. आता ती उमेओची बया आली तर पहिलं तेच उचलेल."

"ती तसली आहे?"

"मी तिला एकदाच भेटलेय. तिने हिरवा कोट घातला होता," सीव म्हणाली, जणू एवढ्यात सगळं आलं. मग घड्याळाच्या मागे एक चिठ्ठी लावली, भिंतीवरच्या ताटाला एक, आणि जरा विचार करून पाव भाजायच्या यंत्रालाही एक.

"ते माझं आहे, सीव. मागच्या वर्षी आणलंय."

"पावती आहे?"

त्या दिवसांत अन्नेलीची झोप उडाली. रात्री तिला घर ऐकू यायचं, पाइपातलं पाणी, तळघरातला पंप. गुनेल हेडलुंडने ठरवलं तर यातलं निम्मं तिचं होणार, हे रेबेकाने समजावून सांगितलं होतं. लग्न म्हणजे नवरा-बायकोची मिळकत एका टोपलीत, आणि एक जण गेला की टोपलीचे दोन भाग. त्याचा अर्धा भाग वारसांना, दुसरा अर्धा जिवंत असणाऱ्याला. बत्तीस वर्षं तोंड न पाहिल्याने टोपली लहान होत नाही. तूवाला त्या बाईला पैसे द्यावे लागतील, आणि तूवाकडे पैसे नाहीत. म्हणजे घर विकायचं. एकोणसाठाव्या वर्षी भाड्याच्या खोलीत जाऊन अन्नेलीने कुणाच्या नळाचं पाणी ऐकायचं?

*

बैठक मेच्या तिसऱ्या आठवड्यात ठरली. नदी मोकळी झाली होती. यादी करायला दोन जण लागतात, ज्यांचा वाटणीशी संबंध नसतो असे. एक रेबेका, आणि दुसरा शेजारचा ओस्टेन. ओस्टेनने आयुष्यभर होड्या दुरुस्त केल्या होत्या आणि शक्यतो न बोलता केल्या होत्या. तो आठ वाजताच येऊन होडीच्या इंजिनाचं झाकण उघडून बसला. तूवा आदल्या रात्रीच्या गाडीने आली होती, डोळे सुजलेले. सीव बोलावणं नसताना आली.

गुनेल हेडलुंड बरोबर दहाला आली. कोट हिरवा नव्हता, करडा होता. बारीक बाई, पासष्टीची, पांढरे केस बॉयकट केलेले. दारात बूट काढून मोज्यांवर उभी राहिली आणि पुढे काय करायचं हे तिला कळेना. अन्नेलीलाही कळेना. नवऱ्याच्या विधवेला या घरातली बाई काय म्हणते?

"या," ती म्हणाली. "कॉफी घेणार?"

"घेईन, तुम्हाला त्रास नसेल तर." गुनेलने हातातली प्लॅस्टिकची फाइल छातीशी धरली होती. "मला आधी एक सांगायचंय. पत्र आलं तेव्हा मी भांडी घासत होते. 'मागे राहिलेली पत्नी' असं लिहिलेलं. मी खालच्या मजल्यावरच्या बाईंना नेऊन दिलं, म्हटलं तुमचं चुकून माझ्याकडे आलंय. त्यांचा नवरा नुकताच गेलाय ना."

तूवाच्या नाकातून हसू फुटलं. ते तिने लगेच दाबलं.

"माझा घटस्फोट झालाय," गुनेल पुढे म्हणाली. "कोर्टाचा कागद आहे माझ्याकडे. शिक्का आहे त्यावर. मी सांभाळून ठेवलाय." तिने फाइल उघडून पिवळट पडलेला कागद टेबलावर ठेवला.

आहे, कागद आहे. तिला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली.

रेबेकाने कागद वाचला. उलटा करून मागची बाजू वाचली. मग पुन्हा पुढची.

"हा घटस्फोट नाही," ती म्हणाली. "ही मुदत आहे. विचारासाठीची."

"शिक्का आहे की."

"शिक्का आहे. घरात सोळा वर्षांखालचं मूल असलं की कोर्ट लगेच मोडत नाही. सहा महिने देतं विचार करायला. तुमच्याबरोबर तेव्हा मुलगा होता?"

"पाट्रिक. माझ्या पहिल्या संबंधातला. सात वर्षांचा होता."

"सहा महिने झाले की पुन्हा लिहून कळवायचं असतं, की आमचा विचार तोच आहे. मुदत सुरू झाल्यापासून एका वर्षाच्या आत. नाही कळवलं तर अर्ज आपोआप रद्द होतो. हे इथे खाली लिहिलंय." तिने बोट ठेवलं. अक्षरं बारीक होती, पण वाचता येत होती.

गुनेल त्या बोटाकडे पाहत राहिली. तिचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला. अन्नेलीने तो रंग ओळखला. एप्रिलपासून रोज आरशात तोच दिसत होता.

"मला वाटलं, सहा महिने झाले की ते आपोआप होतं," गुनेल म्हणाली. "दूध नासतं तसं. मी स्टेलानला विचारलं होतं फोनवर. तो म्हणाला, कागद आलाय ना, मग झालं. मला पुन्हा लग्न करायचं नव्हतं, म्हणून कधी विचारायचं कारणच पडलं नाही."

"तो असंच म्हणायचा," अन्नेली म्हणाली. "गाडीचा विमा संपला तेव्हाही असंच म्हणाला होता."

"शेवटपर्यंत तसाच होता?"

"तसाच."

दोघींनी एकदमच खाली पाहिलं. सीवने रोलची थाळी पुढे सरकवली, कारण शांतता तिला सोसत नसे.

*

यादी सुरू झाली. रेबेका विचारायची, अन्नेली सांगायची. घर. गाडी. होडी. "इंजिन चालत नाही," ओस्टेन म्हणाला. दिवसभरातलं त्याचं हे पहिलं वाक्य होतं. बँकेतले थोडे, कर्जाचं उरलेलं. शिकारीची बंदूक. प्रत्येक वस्तूपाशी अन्नेलीला तिची कथा ठाऊक होती, पण रेबेकाला कथा नको होती.

मग रेबेकाने वारसांचं पान काढलं आणि वाचलं, "पत्नी, गुनेल हेडलुंड. मुलगी, तूवा नोर्डलोव. नातं..." तिने तो जुना कायदेशीर शब्द उच्चारला. जे मूल फक्त गेलेल्याचं असतं, मागे राहिलेल्या जोडीदाराचं नसतं, त्याच्यासाठी इथे तो शब्द आहे. अक्षरशः त्याचा अर्थ वेगळ्या वेतातलं पिल्लू.

"काय म्हणालात?" अन्नेलीचा आवाज तिच्या स्वतःच्याही ओळखीचा नव्हता. "वेगळ्या वेतातलं? ही पोर या घरात जन्मली. त्या खोलीत तिचा पाळणा होता. तिच्या बापाने नगरपालिकेत जाऊन सही केलीय, मी बाप म्हणून. ती वेगळ्या वेतातली, आणि ही बाई, जिने हे घर आज पहिल्यांदा पाहिलं..."

"आई," तूवा म्हणाली.

"नाही, मला कळू दे. मी कुणी नाही, ठीक. साम्बोसुद्धा नाही, ठीक. पण माझ्या पोरीला हे तिच्याच टेबलाशी बसून ऐकावं लागणार?"

गुनेलने कप बशीत ठेवला, आवाज होणार नाही असा.

"शब्द वाईट आहे," रेबेका म्हणाली. "पण अन्नेली, जरा ऐका. तूवा जर स्टेलान आणि गुनेल दोघांची मुलगी असती, तर आज तिला काहीच मिळालं नसतं. लग्नाच्या दोघांचं मूल असलं की आधी सगळं मागे राहिलेल्या जोडीदाराकडे जातं, मुलाने तो जोडीदार जाईपर्यंत थांबायचं. वेगळ्या वेतातल्या मुलाला थांबावं लागत नाही. स्टेलानचा म्हणून जो भाग असेल, तो सगळाच्या सगळा तूवाचा. आजच. या शब्दामुळे."

अन्नेली उभी होती ती बसली. हा शब्द इतका वेळ तिला काट्यासारखा टोचत होता, आणि आता तोच तिच्या पोरीच्या हातात किल्ली देत होता. हसावं की रडावं ते तिला उमगेना, म्हणून तिने टेबलावरचे चुरे गोळा केले.

"आणि मी?" सीवने विचारलं. "मी सख्खी बहीण आहे."

"भावंडांचा नंबर मूल नसेल तर लागतो. मूल नाही, नातवंडं नाहीत, आई-वडील नाहीत, तर."

"म्हणजे मला उगाच बोलावलं."

"तुम्हाला बोलावलं नव्हतं," रेबेका म्हणाली. ओस्टेनला खोकल्याची उबळ आली.

"स्टेलानचा म्हणून जो भाग असेल," अन्नेलीने तेच शब्द परत उच्चारले. "पण तो भाग किती? अर्धं आधी टोपलीतून जाणार." ती गुनेलकडे पाहत नव्हती. "ते तुम्ही यांना विचारा."

रेबेका गुनेलकडे वळली. "त्यासाठी मला तुमचीही मिळकत लिहावी लागेल. पत्नीची यादी वेगळी करतात."

"माझी कशाला?"

"टोपली एकच असते ना. तुमचं उमेओचं घर, भाड्याचं की स्वतःचं?"

"स्वतःचं. फ्लॅट आहे. एकटीने फेडलाय, शाळेच्या ग्रंथालयातल्या पगारातून." गुनेल थांबली. "तोही टोपलीत?"

"तोही. तुम्ही दोघं वेगळे राहत होता तरी."

गुनेलने नाव, पत्ता, किंमत सांगितली. रेबेकाने दोन्ही रकाने समोरासमोर ठेवले. उमेओतल्या फ्लॅटची किंमत नदीकाठच्या त्या घराहून बरीच जास्त होती. तिकडे विद्यापीठ आहे, इकडे गिरणी कधीच बंद झालीय.

"म्हणजे," गुनेल हळूच म्हणाली, "सरळ वाटणी झाली तर मला इथलं अर्धं मिळणार नाही. माझ्यातलंच काहीतरी या मुलीला जाणार."

"हो."

"मी इथे येताना गाडीत काय विचार करत होते सांगू?" गुनेलने पहिल्यांदा अन्नेलीच्या डोळ्यांत पाहिलं. "तुम्ही मला देवमाणूस समजू नका. मी म्हणत होते, बत्तीस वर्षांनी का होईना, त्या माणसाकडून काहीतरी मिळतंय. पाट्रिकला गाडी घेऊन देईन. खरंच म्हणत होते. तुमचा विचार मी केला, पण अर्ध्या वाटेपर्यंतच. पुढे पाट्रिकची गाडीच डोळ्यांपुढे होती."

अन्नेलीला हे ऐकून धक्का बसला नाही, हाच धक्का होता. महिनाभर ज्या बाईला ती घाबरली, ती तिच्यासारखीच स्वतःचं घर मुठीत धरून बसलेली निघाली.

"एक वाट आहे," रेबेका म्हणाली. "नवरा किंवा बायको गेली, तर मागे राहिलेल्याला म्हणता येतं, प्रत्येकाचं आपापल्याकडेच राहू दे. मग टोपली होत नाही. तुमचा फ्लॅट तुमचा, स्टेलानचं सगळं त्याच्या मुलीचं. हे मागायचा हक्क फक्त मागे राहिलेल्या जोडीदाराचा. तूवाला तो नाही, अन्नेलीला तर नाहीच. फक्त तुम्हाला."

सीवची चिठ्ठी घड्याळाच्या मागे सुटून लोंबत होती.

"आज ठरवायलाच हवं असं नाही," रेबेकाने पुस्ती जोडली. "घरी जाऊन शांतपणे विचार करा. वेळ आहे."

"नको," गुनेल म्हणाली. "मला विचारासाठी मुदत नको. एकदा दिलेली होती, त्याचं काय झालं ते बघतोच आहोत. कागद काढा."

कागद लगेच निघाला नाही. रेबेकाला तो लॅपटॉपवर लिहायचा होता, आणि प्रिंटर तिच्या गाडीत होता. ओस्टेन न सांगता उठला आणि प्रिंटर उचलून आत घेऊन आला. तोवर गुनेल खिडकीपाशी गेली.

"तिथेच?" तिने साउनाकडे बोट केलं.

"तिथेच," अन्नेली म्हणाली. "मला वाटलं दम खातोय."

"बरं झालं. म्हणजे, त्याच्यासाठी." मग ती म्हणाली: "माझ्याशी तो वाईट वागला नाही कधी. नुसता अर्धवट सोडायचा सगळं. पाट्रिकच्या पलंगाला तीन पाय लावले होते त्याने."

"तूवाच्या पाळण्यालाही तीनच होते," अन्नेली म्हणाली. "चौथा ओस्टेनने लावला. तू रोल खाल्ला नाहीस, गुनेल. घे. सीवचे आहेत, पण बरे असतात."

गुनेलने वाटणीच्या कागदावर सही केली, सावकाश, प्रत्येक ओळ वाचून. खालची बारीक अक्षरंही वाचली. तूवाने वारस म्हणून केली. मग यादी अन्नेलीपुढे आली. सगळं खरं सांगितलं, काही लपवलं नाही, असं शपथेचं वाक्य, आणि त्याखाली 'माहिती देणारी'. तिच्या नावापुढे नातं लिहायला जागा नव्हती. तिने पेन धरलं, थांबली, आणि नुसतं नाव लिहिलं.

*

गुनेलची गाडी वळणावर दिसेनाशी झाली. विधवांच्या पेन्शनचं काय, हे निघताना तिने विचारलं होतं. रेबेका म्हणाली ते दुसरं खातं, अर्ज करून बघा, मिळेल न मिळेल. गुनेल म्हणाली, त्यासाठीच तर रांगेत उभी होते, निदान विचारून तरी बघते. सीव घड्याळ घेऊन गेली होती. तूवाने ते स्वतः भिंतीवरून काढून तिच्या हातात दिलं होतं, "माझं आहे म्हणून देतेय, आत्या," असं म्हणून.

आई आणि मुलगी पायऱ्यांवर बसल्या. ऊन होतं, पण दगड अजून थंडच होता.

"घर तुझंच आहे, आई," तूवा म्हणाली. "हे सांगायला लागू नये, पण सांगते. तू मरेपर्यंत इथे राहा. मी कुठे विकतेय?"

"आज नाही विकत."

"उद्याही नाही."

"उद्या मी तुझ्या घरात पाहुणी आहे, तूवा. तू चांगली आहेस म्हणून राहणारी पाहुणी. तुझा बापही चांगला होता." अन्नेलीने गुडघ्यांवरून हात फिरवला. "मला तोंडी नको. निम्मं माझ्या नावावर करून दे, बक्षीसपत्र करून. स्वयंपाकघराच्या बाजूचं निम्मं."

"बाजू असते का त्यात?"

"नसेना का. मला माहीत असेल."

तूवा हसली, आणि मग रडली, आणि आईच्या खांद्याला नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं. "करते. जे म्हणशील ते करते."

"आणि तू नि लुडविग? फ्लॅट बघताय म्हणालीस ना. कुणाच्या नावावर घेताय?"

"त्याच्या. त्याचं कर्ज मंजूर झालंय आधीच. पैसे दोघं घालू. आई, आता नको ना ते. आमचं ठीक चाललंय. कागदाने काय..."

ती तिथेच थांबली. अन्नेलीने तिच्याकडे पाहिलंही नाही. घरात रेबेका लॅपटॉपची वायर गुंडाळत होती, पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला.

अन्नेली गुडघ्यावर हात टेकून उठली आणि दार ढकललं.

"रेबेका," तिने आत हाक मारली, "इतक्यात निघू नकोस गं. कॉफी अजून गरम आहे. आणि आमच्या पोरीला तुला काहीतरी विचारायचंय."